आभाळ कोरडं, तरी गावाला पुराचा इशारा: पेंच नदीवरच्या एका रात्रीचा हिशेब

नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, धानाच्या बांध्यांत पाणी आहे, दुपारी चांगलं ऊन पडलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो: तोतलाडोह धरण ९४ टक्के भरलं आहे, पाण्याची आवक वाढत असल्याने नवेगाव खैरी धरणातून रात्री नदीपात्रात विसर्ग सुरू होईल, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं, मोटारपंप आणि जनावरं हलवावीत. थोड्या वेळात कोतवाल दवंडी देऊन जातो.

चावडीवर बसलेले काकाजी विचारतात, "काऊन गा, पाणी तं आलंच नाही. अन् धरण अजून भरलं बी नाही. मंग सोडून काऊन रायले?" बाजूचा कास्तकार म्हणतो, "नहर तं कालपासून बंद हाय. नहरात सोडाचं सोडून नदीत काऊन टाकता?"

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. दरवर्षी विचारले जातात आणि बहुतेक वेळा त्यांना धड उत्तर मिळत नाही. इशारा आला म्हणून मोटार काढली आणि पूर आलाच नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी माणूस झोपून राहतो. म्हणून हा निरोप ज्या आकड्यांवरून निघतो ते इथे मांडतो. धरणांच्या साठवण क्षमता खऱ्या आहेत. त्या रात्रीच्या आवकेचे आणि विसर्गाचे आकडे मात्र हिशेब समजावा म्हणून मी गोल धरले आहेत, ते कोणत्याही एका तारखेची नोंद नाहीत.

पाणी येतं कुठून

पेंच नदी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून येते. तिकडे तिच्यावर चौराई, म्हणजेच माचागोरा धरण आहे. त्याखाली दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या जंगलात तोतलाडोह, आणि तिथून पुढे पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी. नदी नंतर कामठी तालुक्यात बीना इथे कन्हानला मिळते, आणि कन्हान मौदा, कुही या तालुक्यांतून वैनगंगेकडे जाते.

म्हणजे पारशिवनीत ऊन असेल, पण छिंदवाड्यात आदल्या रात्रीपासून झड लागली असेल, तर ते पाणी काही तासांनी इथे पोचणारच. गावच्या आभाळावरून नदीचा अंदाज बांधण्याची आपली जुनी सवय धरणाखालच्या नदीला लागू पडत नाही.

या दोन धरणांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोतलाडोहाचा उपयुक्त साठा सुमारे १०१७ दलघमी, नवेगाव खैरीचा सुमारे १४२ दलघमी. दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर. मोठं धरण वर आणि त्याच्या सातव्या हिश्शाचं धरण खाली, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे.

टक्के कशाचे आणि किती तासांचे

धरणाच्या भिंतीवर मीटर-सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी असते. कर्मचारी तिच्यावरची पातळी वाचतो. ती समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असते. तोतलाडोहाची पूर्ण संचय पातळी ४९० मीटर आहे. वाचलेली पातळी तक्त्यात पाहून साठा काढतात, आणि त्यातल्या उपयुक्त साठ्याचे टक्के रोजच्या पत्रकात येतात. गाळासाठी सोडलेला तळाचा मृतसाठा या टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून शून्य टक्के दाखवणाऱ्या धरणातही पाणी दिसतं.

पातळी आणि साठा एका चालीने वाढत नाहीत. जलाशय वर पसरट होत जातो, त्यामुळे तळाकडच्या एका मीटरपेक्षा वरच्या एका मीटरात कितीतरी जास्त पाणी मावतं. "काल एक मीटर वाढलं, आज अर्धाच" हे ऐकून आवक निम्म्यावर आली असं समजू नये. ती तेवढीच असू शकते.

पुराच्या रात्री टक्क्यांपेक्षा कामाचा प्रश्न वेगळा असतो. रिकामी जागा किती उरली आणि ती किती तासांत भरेल? त्यासाठी एकच गुणाकार पाठ असला की पुरे: १००० क्युमेक, म्हणजे सेकंदाला १००० घनमीटर, असं पाणी तासभर आलं की ३.६ दलघमी होतं.

आता काकाजींच्या ९४ टक्क्यांकडे पाहू. तोतलाडोहात ६ टक्के जागा उरली, म्हणजे सुमारे ६१ दलघमी. समजा संध्याकाळी सहाला आवक १५०० क्युमेक आहे, म्हणजे तासाला ५.४ दलघमी. एकही गेट उघडलं नाही, तर धरण साधारण अकरा तासांत, पहाटे पाचच्या आसपास काठोकाठ भरेल. त्यानंतर जेवढं येईल तेवढं सगळं लगेच खाली सोडावं लागेल.

अकरा तास खूप वाटतात. पण आवक रात्रभर १५०० वरच राहील याची हमी कोणाकडेही नसते.

रात्री एक वाजता

धरणावरच्या अभियंत्यापुढे खरी निवड संध्याकाळी सहालाच असते. दोन वाटा धरू.

पहिली वाट थांबून पाहण्याची. गेट बंद. सात तासांत सुमारे ३८ दलघमी भरलं, रात्री एकला २३ दलघमी जागा उरली. तेवढ्यात वरच्या पाणलोटातला जोराचा पाऊस पोचतो आणि आवक दुप्पट होऊन ३००० क्युमेकवर जाते, तासाला जवळपास ११ दलघमी. उरलेली जागा दोन तासांत संपते. पहाटे तीनला ३००० क्युमेक एकदम नदीत सोडण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि गाव गाढ झोपेत आहे.

दुसरी वाट आत्ताच, उजेड असताना, ६०० क्युमेक सोडायला लागण्याची. मग धरण तासाला सव्वातीन दलघमीच्या आसपासच भरतं. रात्री एकला ३८ दलघमी जागा शिल्लक असते. आवक ३००० झाली की विसर्ग टप्प्याटप्प्याने २००० क्युमेकपर्यंत नेता येतो, आणि तरीही धरण भरायला दहा तासांहून अधिक वेळ मिळतो. तोवर वरचा पाऊस ओसरला, तर ३००० चा लोंढा गावापर्यंत येतच नाही.

दोन्ही वाटांत वरून आलेलं पाणी सारखंच होतं. फरक पडला तो संध्याकाळी सोडलेल्या पाण्याने. सात तास ६०० क्युमेक म्हणजे सुमारे १५ दलघमी, तोतलाडोहाच्या साठ्याचा जेमतेम दीड टक्का. या दीड टक्क्याने नदीचा शिखर विसर्ग एक तृतीयांशाने खाली आणला. "धरण भरलं नाही तरी काऊन सोडता" या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात आहे.

पण अभियंत्याचा हात का अडखळतो, हेही समजून घ्यायला हवं. रात्री पाऊस थांबलाच, तर ते १५ दलघमी कायमचं गेलं. नागपूर शहराला रोज साधारण ६५० दशलक्ष लिटर पाणी लागतं असं धरलं, तर १५ दलघमी म्हणजे शहराचं जवळपास तेवीस दिवसांचं पाणी. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोहाचा उपयुक्त साठा संपला होता आणि त्या जुलैत नागपूरकरांनी दिवसाआड पाणी भरलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तेच धरण भरून त्याचे दरवाजे उघडावे लागले. एकाच पावसाळ्यात दोन्ही टोकं पाहिलेल्या माणसाला पाणी सोडताना विचार करावाच लागतो. मला स्वतःला वाटतं की ऑगस्ट अखेर, वरची धरणं भरत आली असताना, चूक करायचीच असेल तर ती लवकर सोडण्याच्या बाजूने करावी. गेलेलं पाणी सप्टेंबरात भरून येण्याची शक्यता असते. रात्री तीनला गावात शिरलेलं पाणी मागे घेता येत नाही.

हा निर्णय केवळ अंदाजावर सोडलेला नसतो. प्रत्येक मोठ्या धरणासाठी जलाशय परिचालन आराखडा मंजूर असतो. कोणत्या तारखेला पातळी कितीच्या आसपास ठेवायची, हे त्यात लिहिलेलं असतं. पावसाळ्याच्या मध्यावर मुद्दाम थोडी जागा रिकामी ठेवायची आणि पाऊस संपता संपता धरण पूर्ण भरायचं, हे त्याचं सूत्र. म्हणून ऑगस्टच्या मध्यात ८५-९० टक्क्यांवरून पाणी सोडलं जाऊ शकतं आणि सप्टेंबर अखेर ९८ टक्क्यांवरही गेट बंद असू शकतात.

खालच्या धरणाच्या हातात फार थोडं असतं

गावाला निरोप आला तो नवेगाव खैरीचा, कारण गावाच्या वर लगेच तेच आहे. ते ९६ टक्के भरलेलं धरू. उरलेली जागा साडेपाच-पावणेसहा दलघमी. वरून तोतलाडोहाचे ६०० क्युमेक आणि मधल्या ओढ्यानाल्यांचे १०० आले, तर तासाला अडीच दलघमी होतं. सव्वादोन तासांत जागा संपली.

म्हणून वरच्या धरणाने सोडलं की खालच्याला मागोमाग सोडावंच लागतं. तोतलाडोहाला १४ दरवाजे आहेत, नवेगाव खैरीला १६. खैरीत पाणी अडवून पूर रोखा, असं म्हणणाऱ्याने हे सव्वादोन तास लक्षात घ्यावेत. विसर्ग २००० क्युमेकवर गेला, तर जेमतेम पाऊण तासाची उसंत उरते. आणि मातीच्या धरणावरून पाणी वाहून गेलं तर धरणच जातं. ते होऊ देण्यापेक्षा गेट उघडणं केव्हाही भाग असतं.

यातून गावकऱ्यांनी एक गोष्ट धरून ठेवावी. आपल्या गावाच्या वरच्या धरणाच्या टक्क्यांपेक्षा त्याच्याही वरच्या धरणाचा विसर्ग जास्त आधी बोलतो. तोतलाडोह सोडतंय असं कळलं, की खैरीच्या निरोपाची वाट न पाहता मोटार काढायला घ्यावी. आणि चौराईचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, तर तोतलाडोहाच्या आकड्यावर डोळा ठेवावा.

नहरात का नाही सोडत

खैरीपासून उजवा आणि डावा असे दोन कालवे निघतात. उजव्या कालव्याच्या पाण्यावर नागपूरचा पाणीपुरवठा आणि कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं अवलंबून राहिली आहेत, डावा पारशिवनी, रामटेक, मौद्याच्या धानाला जातो. कालवा शेताला बेताचं पाणी पोचवायला खोदलेला असतो. समजा त्यातून ५० क्युमेक सोडले, तर तासाला ०.१८ दलघमी गेलं. त्या रात्री तोतलाडोहात तासाला जवळपास ११ दलघमी येत होतं. दोन्ही कालवे तुडुंब चालवले तरी पुराला त्याचा पत्ता लागणार नाही.

उलट पावसात कालवा भरलेला ठेवणं धोक्याचं. वाटेतल्या टेकड्यांचं पाणी कालव्यात उतरतं, भराव भिजलेला असतो, आणि पाणी काठावरून गेलं की कालवा फुटतो. मग नदीपासून दूर असलेल्या, पुराचं भय नसलेल्या बांध्यांत गाळ-रेती जाऊन बसते. म्हणून जोराच्या पावसात कालवा बंद करतात. नहर बंद आणि नदीत विसर्ग, या दोन बातम्या एकाच दिवशी येणं हे गोंधळाचं लक्षण मानू नये.

पत्रकात कालव्याचा विसर्ग आणि सांडव्याचा विसर्ग वेगवेगळ्या रकान्यांत असतात. गटावर फिरणाऱ्या फोटोत बरेचदा भलताच रकाना वाचला जातो. तोतलाडोहाच्या बाबतीत तिसरा रकानाही असतो, तो वीजगृहातून सोडलेल्या पाण्याचा. तेही शेवटी खैरीतच येतं.

आकडा कुठे फसवतो

सर्वांत मोठी फसगत एककाची. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, क्युमेक म्हणजे एक घनमीटर. एका क्युमेकात ३५ हून थोडे अधिक क्युसेक असतात. २००० क्युमेक म्हणजे सुमारे ७०,६०० क्युसेक. "दोन हजार सोडलं" एवढाच निरोप आला तर ते गुडघाभर पाणी की गावात शिरणारं पाणी, हे सांगताच येत नाही. एकक नसलेला आकडा पुढे पाठवू नये.

दुसरी फसगत गेटच्या मीटरची. "दहा गेट अर्ध्या मीटरने उघडले" यावरून विसर्ग कळत नाही. गेटवर पाण्याचा दाब जितका, तितकं त्याच फटीतून जास्त पाणी जातं. धरण थोडं रिकामं असताना अर्धा मीटर आणि काठोकाठ असताना अर्धा मीटर यांत मोठी तफावत पडते.

तिसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. धरणात येणारा येवा थेट मोजलेला नसतो. तासाभरात साठा किती वाढला आणि किती सोडलं, यांची बेरीज करून तो काढतात. साठा २.१ दलघमीने वाढला आणि ३०० क्युमेकने १.०८ दलघमी सोडलं, तर आलं ३.१८ दलघमी, म्हणजे सुमारे ८८० क्युमेक. आता वाऱ्याने लाट उठली आणि पट्टीवरची पातळी एका सेंटिमीटरने चुकली तर? जलाशयाच्या प्रत्येक १० चौरस किलोमीटरमागे ती चूक ०.१ दलघमी, तासाच्या हिशेबात २८ क्युमेक होते. तोतलाडोहाचा पसारा याहून कितीतरी मोठा आहे. म्हणून एका तासाच्या येव्याच्या आकड्यावरून घाबरूही नये, निर्धास्तही होऊ नये. लागोपाठच्या तीन-चार तासांचा कल पाहावा.

कन्हानचं पाणी आणि मागे सरणारे नाले

बीना संगमाजवळच्या गावांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. तिथे पेंचखेरीज कन्हानचं स्वतःचं पाणी येतं, कोलार नदीही मिळते. कन्हानच्या मुख्य पात्रावर तोतलाडोहासारखं पाणी धरून ठेवणारं मोठं धरण नाही, त्यामुळे छिंदवाडा-सावनेरकडचा पाऊस सरळ खाली येतो. खैरीचा विसर्ग मध्यम असला तरी कन्हान भरून वाहत असेल, तर पेंचचं पाणी पुढे सरकत नाही. काठचे नाले उलटे फुगतात आणि गावात नदीच्या बाजूने नव्हे, तर मागच्या नाल्याकडून पाणी शिरतं. अशा गावांत निरोप आल्यावर नदीकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नसतो. आधी नाल्यावरचा रपटा पाहावा, कारण बाहेर पडायचा रस्ता तिथेच तुटतो.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हे सगळं एकत्र घडलं. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे दरवाजे उघडावे लागले, आणि पारशिवनी, कामठी, मौदा, कुही तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. त्याच वेळी वैनगंगाही चढलेली होती. भंडारा शहरात पाणी आलं आणि गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या नदीकाठालाही त्याचा तडाखा बसला. नागपूरकडे पाऊस थांबल्यावरही खालच्या गावांत पाणी वाढत राहिलं होतं.

त्याचं कारण पुराच्या चालीत आहे. धरणावर विसर्ग कमी केला तरी आधी सोडलेल्या पाण्याचं शिखर वाटेतच असतं. पारशिवनीजवळ नदी उतरायला लागलेली असताना मौद्याकडे ती अजून चढत असते. "खैरीचे गेट बंद झाले" हा निरोप वाचून मौद्याच्या माणसाने त्याच तासाला काठावर मोटार परत बसवायला जाऊ नये, ढिवर बांधवांनी जाळी घेऊन पात्रात उतरू नये. आपल्या गावाजवळ पाणी सलग काही तास उतरताना दिसलं आणि तहसीलकडून इशारा मागे घेतला गेला, की मगच जावं.

चावडीवरच्या गावाने त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट करायला हवी होती, आणि ती कोणत्याही गावाला करता येते. पुलाच्या खांबावर रंगाने फुटांच्या खुणा करायच्या, आणि खैरीचा विसर्ग अमुक क्युमेक असताना पाणी कोणत्या खुणेला लागलं, हे तलाठी किंवा पोलीस पाटलाच्या वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं. कन्हान तेव्हा भरून होती की नव्हती, तेही शेजारी लिहायचं. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या, की "२००० क्युमेक" या आकड्याचा अर्थ त्या गावापुरता ठरतो: इतक्यात स्मशानघाट बुडतो, इतक्यात खालच्या आळीत पाणी येतं, इतक्यात रपटा बंद होतो. पात्रातला गाळ आणि वाळूचा उपसा यांनी नदीचा तळ बदलतो, म्हणून या नोंदी दर पावसाळ्यात पुन्हा तपासाव्या लागतात.